हाँगकाँगहून: विकणारा कोण आणि थांबणार किती दिवस

"दादा, इथे सगळे म्हणतात ओएफएस आहे, लांब राहा. पण अँकरमध्ये मोठमोठे फंड आहेत आणि त्यांचे शेअर लॉक आहेत, म्हणजे त्यांना तरी खात्री असेलच ना? भरू का?" कोल्हापूरहून धाकट्या भावाचा रविवारचा निरोप, एका नव्या आयपीओबद्दल. ओएफएस म्हणजे जुना मालक आपले शेअर विकतो आणि पैसे कंपनीला नाही, त्याला मिळतात. अँकर म्हणजे इश्यू उघडण्याआधीच शेअर घेणारे मोठे गुंतवणूकदार, ज्यांना ते काही दिवस विकता येत नाहीत.

भर किंवा भरू नकोस, असं मी त्याला सांगितलं नाही. फोनवर ऑक्टोबर 2024 मधला ह्युंदाई मोटर इंडियाचा इश्यू काढला, कारण त्याच्या दोन्ही समजुती तिथे तपासता येतात.

त्या इश्यूत 27,870 कोटी रुपये आले ते सगळे कोरियातल्या मूळ कंपनीकडे गेले. तिने आपल्याकडचे 14.22 कोटी शेअर, म्हणजे साडेसतरा टक्के वाटा विकला. तळेगावच्या कारखान्यासाठी त्यातला एक रुपयाही नव्हता. त्याआधी मार्च 2024 मध्ये भारतीय कंपनीने 10,782 कोटींचा लाभांश दिला होता आणि तेव्हा सगळे शेअर मूळ कंपनीकडेच होते. ओएफएस वाचताना मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं: विक्रीआधी तिजोरीतून किती बाहेर पडलं आणि विकल्यावर विकणाऱ्याकडे किती उरलं. इथे साडेब्याऐंशी टक्के उरलं, म्हणजे मालक निघून चालला नव्हता. एखादा खासगी फंड सगळा वाटा विकून बाहेर पडतो, ती गोष्ट वेगळी.

काका मध्येच म्हणाले, "मला एलजी लागलाच नाही, तेव्हा ओएफएस असो नाहीतर फ्रेश, आपल्याला काय?" काकांचं दुःख खरं आहे, आणि उदाहरणही कामाचं. ऑक्टोबर 2025 मधला एलजीचा 11,607 कोटींचा इश्यूही पूर्ण ओएफएसच होता, विकणारी कंपनीही कोरियनच. 1,140 चा शेअर 1,710 च्या आसपास उघडला. ह्युंदाईचा 1,960 चा शेअर पहिल्याच दिवशी सुमारे सात टक्के खाली बंद झाला. उलट पेटीएमच्या 2021 च्या इश्यूत 8,300 कोटी फ्रेश, म्हणजे कंपनीने काढलेल्या नव्या शेअरांचे होते, तरी पहिल्या दिवशी 27 टक्के गेले. माझ्या मते फरक पडला तो मागितलेल्या किमतीने. फ्रेश पैसा कंपनीत येतो खरा, पण शेअरही वाढतात, म्हणून त्या पैशाचं कंपनी काय करणार हे वाचावंच लागतं.

आता अँकर. ह्युंदाईत इश्यू उघडण्याच्या आदल्या दिवशी अँकरांनी 8,315 कोटी घातले, म्हणजे सुमारे 4.24 कोटी शेअर. सेबीच्या एप्रिल 2022 पासूनच्या नियमाप्रमाणे त्यातले निम्मे अलॉटमेंटपासून 30 दिवस बांधलेले आणि निम्मे 90 दिवस. म्हणजे सव्वादोन कोटींना थोडे कमी शेअर नोव्हेंबरच्या मध्यात मोकळे झाले आणि तेवढेच जानेवारीच्या मध्यात. हे बंधन फंडाने आपणहून घेतलेलं नाही. प्रत्येक इश्यूत, चांगल्या आणि वाईट, प्रत्येक अँकरला ते सारखंच लागू होतं. त्यामुळे लॉक आहे एवढ्यावरून खात्री ओळखताच येत नाही. अँकरला शेअर नक्की मिळतात, त्या बदल्यात तो थांबतो, इतकाच तो सौदा. भावाने पाहायची ती नावांची यादी: आदल्या रात्री एक्सचेंजवर येते, त्यात म्युच्युअल फंड किती आणि कोणत्या योजनांतून आलेत. आणि दोन तारखा.

इथे हाँगकाँगला कॉर्नरस्टोन, म्हणजे अँकरसारख्याच मोठ्या गुंतवणूकदाराचं नाव आणि रक्कम थेट प्रॉस्पेक्टसमध्ये छापतात आणि तो लिस्टिंगपासून साधारण सहा महिने विकू शकत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरची सहकारी फॉर्म भरतानाच ती तारीख वहीत लिहून ठेवते. आपल्याकडे निम्मा माल महिन्यात मोकळा, हे मला छोट्या माणसासाठी कमी वाटतं.

पुण्यातला सीए मित्र हे मानत नाही. "सहा महिने बांधलंस की सुरुवातीला बाजारात फिरायला शेअरच कमी. भाव फुगतो आणि छोटा माणूस तोच फुगलेला भाव देतो. पडझड टळत नाही, पुढे सरकते." मी यावर बराच विचार केला. तो अर्धा तरी बरोबर आहे. झोमॅटोत आधीपासूनच्या भागधारकांचं वर्षभराचं बंधन जुलै 2022 मध्ये सुटलं, त्यानंतर बाजार उघडताच शेअर जोरात पडलाच. तरी महिन्यात निघून जाणाऱ्या पैशाच्या भरवशावर भावाने 15,000 रुपये अडकवावेत, हे मला पटत नाही.

त्याला शेवटी दोनच आकडे पाठवले. ह्युंदाईत संस्थांचा हिस्सा जवळपास सातपट भरला आणि किरकोळ अर्जदारांचा निम्माच. ज्यांनी सात शेअरांचा लॉट मागितला, त्यांना तो मिळाला. "मग अँकर चुकले का?" असं त्याने विचारलं. पुढे 2025 मध्ये तो शेअर 1,960 च्या बराच वर गेला, तेव्हा कोण चुकलं हे तू किती दिवस थांबणार यावर आहे, असं मी लिहिलं. अजून त्याने दिवस कळवलेले नाहीत.