एका दांडीला तीन हजेऱ्या

रात्री पावणेअकराला ओंकारचा मेसेज आला की माझ्या पोटात गोळा येतो. हॉस्टेलवरची पोरं त्या वेळी दोनच गोष्टी पाठवतात, पैशाची मागणी नाही तर फोटो. त्या दिवशी फोटो होता. खाली लिहिलेलं, "आत्या, जरा बघ ना. पंचाहत्तरला किती कमी पडतात? आणि बाबांना सांगू नकोस."

मी बँकेत आहे, त्यामुळे आमच्या घराण्यात जिथे जिथे टक्का तिथे तिथे मी, असा रिवाज पडलाय. दादाच्या एफडीचं व्याज, वहिनीच्या साडीवरची सूट, आणि आता चिरंजीवांची एम थ्रीची हजेरी, जी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली राहिली की कॉलेज नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये टाकतं. एम थ्री म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं गणित. ज्या विषयाला हा बसला नाही त्याच विषयाच्या मदतीने किती बसला नाही ते काढायचं होतं, म्हणून तो माझ्याकडे आला होता.

आता तो फोटो. सरांच्या लॅपटॉपवर एक्सेलचा तक्ता उघडलेला. सीआरने, म्हणजे वर्गप्रतिनिधीने, लॅपटॉपच्या पडद्याचा मोबाईलने फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला, ओंकारने त्या फोटोचा स्क्रीनशॉट काढला आणि तो मला धाडला. इतक्या हातांतून गेल्यावर नोटसुद्धा मळते. पडद्यावरच्या इंद्रधनुषी लाटांमधून मला आडवे उभे रकाने दिसत होते, वर तारखा, डावीकडे रोल नंबर, आणि मध्ये मुंग्यांसारखे P आणि A. मूळ फाइल मिळाली असती तर `=COUNTIF(D50:AW50,"A")` एवढं लिहून मी झोपायला गेले असते. पण फोटोला फॉर्म्युला चालत नाही. तिथे बोट, चष्मा आणि देव एवढीच साधनं.

ओंकारचा रोल नंबर 47. अक्षर दिसावं म्हणून फोटो मोठा केला की रोल नंबर डावीकडे पडद्याबाहेर जायचा. तो दिसावा म्हणून मागे सरकलं की P कुठला आणि A कुठला ते कळेना. मी चिकाटीने मोजत उजव्या टोकापर्यंत पोचले आणि आनंदले, कारण ऑगस्टनंतर पोराने एकही लेक्चर चुकवलं नव्हतं. मग शंका आली. आमच्या घराण्यात हे शक्य नाही. परत डावीकडे आले तर मी वाटेत कुठेतरी 48 नंबरच्या ओळीत उतरले होते. कुणाची तरी गुणी मुलगी होती ती. तिचं भलं होवो.

शेवटी फोनमध्येच फोटो एडिटला घेतला आणि 47च्या ओळीखाली टोकापासून टोकापर्यंत लाल रेघ मारली. हे आधी करायचं असतं, पण सुचतं चौथ्या वेळी. दुसरी युक्ती बँकेतली: जे कमी असेल ते मोजावं. P मोजताना माझे एकदा 29 आले, एकदा 27, मग 28. A मोजले तर दोन्ही वेळा 16. वर तारखांचे रकाने 46. आणि 28 अधिक 16 होतात 44. दोन गेले कुठे?

दोन खाने रिकामे होते. इथे पुष्कळ लोक फसतात. रिकामा खाना फक्त आपल्याच ओळीत असेल तर सरांना विचारावं लागतं, कारण ती हजेरी भरायची राहिलेली असते. पण वरपासून खालपर्यंत अख्खा रकानाच रिकामा असेल, तर ते लेक्चर झालेलंच नसतं. वर तारखा पाहिल्या. एक 15 ऑगस्ट, दुसरी गणेश चतुर्थी. सरांनी टर्मच्या सुरुवातीलाच वेळापत्रक पाहून सगळ्या तारखा एकदम भरून ठेवल्या होत्या. हे दोन रकाने एकूणात धरले असते तर हजेरी 60.87 टक्के आली असती आणि माझी झोप आणखी उडाली असती. खरा हिशेब 44 पैकी 28, म्हणजे 63.64.

बाकी A जुलैअखेरपासून जे सुरू झाले होते ते विसर्जनापर्यंत. ओंकार ढोल-ताशा पथकात आहे. सराव संध्याकाळी असतो, पण एम थ्रीचं लेक्चर सकाळी सव्वाआठला. कंबरेला ढोल बांधून रात्री दहाला परतलेला माणूस सव्वाआठला लाप्लासकडे कसा जाईल, हेही खरंच.

मी फोन केला. "63.64 आहे रे."

"मग ठीक आहे ना!" तो म्हणाला. "44चे 75 टक्के म्हणजे 33. माझे 28. पाचच लेक्चरं कमी, अगं. सोमवारपासून बसतो."

हा हिशेब ऐकायला इतका गोड आहे की डिफॉल्टर लिस्टमधला प्रत्येक जण तोच करतो. मी म्हटलं, "पाच लेक्चरं तू बसणार, ती सर घेणारच ना? मग एकूण 44च कशी राहतील? 49 होतील. 49 पैकी 33 म्हणजे 67.35."

पलीकडे शांतता. मग कागदाचा आवाज. "बरं, 49चे 75 टक्के म्हणजे 37. म्हणजे अजून चार."

"बस चार. झाली 53 पैकी 37. सत्तरसुद्धा नाहीत."

"मग तीन..."

"56 पैकी 40. एकाहत्तर आणि वर चिल्लर."

पुण्यात सुटलेल्या बसमागे धावलेल्या माणसाला हे समजावं लागत नाही. तुम्ही धावता, तीही धावते. तुम्ही जास्त वेगाने धावता म्हणून अंतर कमी होतं, पण ती स्टॉपवर तुमच्यासाठी उभी आहे असं धरून पावलं मोजली तर तोंडावर पडाल.

"हे संपणार कधी?" ओंकारने विचारलं.

त्यासाठी धावायचं नसतं, दांड्या मोजायच्या असतात. पंचाहत्तर टक्के म्हणजे चारातली एक दांडी माफ. याचाच दुसरा अर्थ, एक दांडी मारली की तिच्यामागे तीन हजेऱ्या लावाव्या लागतात. तारण ठेवल्याशिवाय बँक कर्ज देत नाही, तसंच. ओंकारच्या नावावर 16 दांड्या, म्हणून तारण 48 हजेऱ्यांचं. जमा आहेत 28. बाकी 20. ताळा करायचा असेल तर 20 दोन्हीकडे मिळवा: 64 पैकी 48, बरोबर पंचाहत्तर. ज्याला सूत्र हवं त्याने झालेल्या लेक्चरांची तिप्पट करून त्यातून हजेरीची चौपट वजा करावी, 132 वजा 112, तेच 20 येतात. आणि ज्या कॉलेजात 80ची अट असेल तिथे एका दांडीला चार हजेऱ्या. देव त्या मुलांचं रक्षण करो.

"वीस?" ओंकारचा आवाज बारीक झाला. "पाचाचे वीस?"

"टर्म संपायला किती आठवडे आहेत?"

"पाच. आठवड्याला चार लेक्चरं. पण दिवाळीत दोन जातात."

म्हणजे उरली 18. मी पुन्हा मांडलं. एकही न चुकवता सगळी बसला तरी 62 पैकी 46, 74.19. दात घासून, आंघोळ करून, पाच आठवडे सव्वाआठला पहिल्या बाकावर बसूनही डिफॉल्टर. त्याला कळेपर्यंत मी काहीच बोलले नाही. मग त्याने तो प्रश्न विचारला जो कर्जदार नेहमी शेवटी विचारतात, "यात काही करता येत नाही का?"

करता येतं ते एवढंच, की 16 A खरोखर आपलेच आहेत का ते बघायचं. मी एकेक तारीख वाचत गेले आणि तो एकेक कबूल करत गेला. "सराव. सराव. झोप. सराव. झोप. पाऊस. कुठली म्हणालीस? ऑगस्टमधला तो शनिवार? त्या दिवशी एनएसएसचं झाडं लावणं होतं! आमच्याकडे त्याची हजेरी देतात. पत्र मिळालंय मला."

"दिलंस का सरांना?"

पत्र बॅगेत होतं. ऑगस्टपासून. त्याच्यावर थोडी मातीही होती म्हणे.

एका A चा P झाला तर काय होतं ते त्याला वाटलं तेवढं छोटं नाही. दांडी एक कमी होते, म्हणजे तीन हजेऱ्यांचं तारण सुटतं, आणि वर एक हजेरी जमा होते. एका खोडरबरात चार लेक्चरं. आता दांड्या 15, तारण 45, जमा 29, बाकी 16. आणि उरलेली लेक्चरं 18.

"म्हणजे दोन मारता येतील!" पोराचा ढोल पुन्हा वाजायला लागला.

मला वाटतं गणितापेक्षा आशा जास्त शिकवली जाते या मुलांना. सोळा पुरतात ते सलग, मध्ये एकही दांडी न मारता. 60 पैकी 45 झाले की त्या क्षणी तू पंचाहत्तरवर उभा आहेस, पण एका पायावर. पुढचं एक चुकवलंस की 61 पैकी 45, पुन्हा 73.77. दोन्ही चुकवलीस तर 62 पैकी 45, 72.58. टर्मअखेर 62 लेक्चरं होणार, त्यांचा चौथा हिस्सा साडेपंधरा, आणि अर्धी दांडी मारता येत नाही. माफ पंधरा. त्या पंधराही तू विसर्जनापर्यंत संपवल्यास.

"म्हणजे अठराच्या अठरा."

"अठराच्या अठरा."

सोमवारी त्याने पत्र दिलं. सरांनी आधी मातीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि A चा P केला. ओंकारने मला बदललेल्या खान्याचा फोटो पाठवला, या वेळी सरळ आणि स्वच्छ. माणूस सुधारतो. दादाने रविवारी विचारलं, "ओंकार काय म्हणतोय?" मी म्हटलं, "गणितात लक्ष घातलंय." हे अक्षरशः खरं होतं.

गुरुवारी सकाळी आठ वीसला फोन. "आत्या, सर आले नाहीत. लेक्चर कॅन्सल!" आवाजात सुट्टीचा आनंद होता. मी ऑफिसला निघता निघता चपलेत एक पाय घालून थांबले. उरलेल्या अठरातलं एक गळालं की 61 पैकी 46, 75.41, चालतं. दोन गळाली की 60 पैकी 45, काठावर. तिसरं गळालं की 59 पैकी 44, म्हणजे 74.58, आणि त्यात ओंकारचा काही दोष नसेल.

"सरांना काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही गं. कालपासून घसा बसलाय म्हणे."

तेव्हापासून रोज रात्री पावणेअकराला मेसेज मी करते. ओंकारची चौकशी दुसऱ्या ओळीत. पहिल्या ओळीत असतं, "सरांचा खोकला कसा आहे? हळदीचं दूध घेतात का ते?"