'साठा आणि प्रवाह' या संवादावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

"होस्टेलवरच्या पोरांचा वाद रंगवलाय, पण अर्थशास्त्र पोरकट झालंय. खर्चही रुपयांत, शिल्लकही रुपयांत. मग एक साठा आणि दुसरा प्रवाह कसा? शिवाय धरणाचा आकडा चुकलाय, आणि लेख उगाच लांबलाय."

'पोरकट' हा शब्द तुम्ही टाळायला हवा होता. अठरा वर्षं हा विषय शिकवतोय. मुलं नेमकी इथेच अडतात, म्हणूनच ओंकार आणि सागरला भांडायला लावलं. धरणाचं मात्र तुमचं बरोबर आहे. खडकवासल्याच्या साठ्यापुढे टीएमसीऐवजी क्युसेक पडलं होतं, ते दुरुस्त केलंय.

आता रुपयांचं. खर्चाचं एकक नुसतं रुपये नसतं, 'दरमहा रुपये' असतं. बोलताना 'दरमहा' गळून पडतं आणि दोन्ही आकडे सारखे दिसू लागतात. संवादातला तो भाग तुम्ही घाईत वाचलात असं दिसतंय, म्हणून इथे पुन्हा देतो.

"मेसला 3,500 जातात," सागर म्हणाला.

"किती दिवसांत?"

"महिन्यात. हे काय विचारणं झालं?"

"मग वर्षाला किती?"

"42,000."

"खर्च तोच, आकडा बदलला. आता 30 जूनची तुझी शिल्लक वर्षाच्या हिशोबाने सांग."

"वर्षाच्या हिशोबाने? अरे, 30 जूनला खात्यात 9,500 होते. त्याला महिना काय, वर्ष काय..." सागर थांबला. "म्हणजे शिल्लकेला तारीख लागते, खर्चाला मुदत!"

याच सागरचा जूनचा हिशोब बघा. 1 जूनला सकाळी खात्यात 12,000. महिनाभरात घरून 8,000 आले, मेस धरून 10,500 गेले, 30 च्या रात्री 9,500 उरले. सुरुवातीचे 12,000 आणि शेवटचे 9,500 हे साठे. आलेले 8,000 आणि गेलेले 10,500 हे प्रवाह. आणि घटलेले 2,500? तोही प्रवाहच. '1 ते 30 जून' काढून टाका, त्या 2,500 ला काही अर्थच उरत नाही.

पाण्यात हा घोळ होत नाही, कारण क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. काळ नावातच बसलाय. 11,574 क्युसेकचा विसर्ग 24 तास चालला की धरणातून जवळपास 1 टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी जातं. मधले 24 तास काढले, तर विसर्गावरून साठा किती घटला ते सांगताच येणार नाही. रुपयाच्या नावात काळ नाही, तो आपणच लिहायचा असतो. राजकोषीय तूट आणि सरकारी कर्ज, दोन्ही लाख कोटींत छापतात. पण तूट अख्ख्या आर्थिक वर्षाची असते आणि कर्ज 31 मार्च या एका दिवसाचं.

लांबीवर वाद घालत नाही. पण यापुढे आक्षेप घ्याल, तेव्हा आकड्यासोबत मुदत किंवा तारीख लिहा, म्हणजे बोलता येईल.