आईच्या वहीतला चार

आज डॉक्टरांसमोर बसून अक्षरशः घाम फुटला. आईच्या बीपीच्या वहीवरून भाच्याने एक्सेलमध्ये तक्ता करून दिला होता. त्यात एका ओळीत १८८/८२. डॉक्टर गोळी वाढवायच्या बेतात होते. मी पिशवीतून वही काढली. वहीत होतं १४४/८२!

झालं असं, की आई आकडे इंग्रजीत लिहिते, पण चार मात्र शाळेतला, मराठी. घाईत काढला की वरचं तोंड मिटतं आणि तो थेट इंग्रजी आठ दिसतो. अरे, पण आधीची ओळ १३८/८०, नंतरची १४२/८४. मध्येच वरचा आकडा पन्नासने उडी मारतो आणि खालचा जागचा हलत नाही, तिथे थांबून बघायला नको? ते वहीतलं आईचं रोजचं जगणं आहे रे, वीजबिलाचं रीडिंग नाही!

आणि चूक तक्त्यातच ओरडून सांगत होती. ८ तारीख दोनदा, १८ दोनदा, २८ दोनदा. ४, १४, २४ गायब. वर तारखेप्रमाणे सॉर्ट केल्यामुळे चौदाचं बीपी अठराच्या शेजारी जाऊन बसलं. तारखा तर ओळीने येतात ना? मग आई चार कसा काढते आणि आठ कसा, हे आधी तारखांच्या रकान्यात बघायचं आणि मगच बीपी वाचायला घ्यायचं.

शुगरचंही तेच. वहीत '१४८ जे.' म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी. भाच्याने 'जे.' गाळला आणि तो आकडा उपाशीपोटीच्या शुगरखाली गेला. जेवणानंतर १४८ असेल तर तिच्या डॉक्टरांची तक्रार नसते. उपाशीपोटी तेवढी असली तर नक्कीच असते.

मग वही कशाला, बीपीच्या मशीनमध्ये मेमरी असतेच की? मान्य. पण 'जिना चढून आल्यावर लगेच घेतलं' हे मशीन लिहीत नाही, आई लिहिते.

पोराला खूप बोलले मी. आता वाईट वाटतंय. रात्री दोनपर्यंत बसून केलं होतं त्याने, आजीसाठी. आणि चार-आठाचं त्याला आधी मीच सांगायला हवं होतं.

आत्ता दोघे जेवणाच्या टेबलावर बसलेत. आई बोट ठेवून वाचतेय, तो टाइप करतोय. उपाशी आणि जेवणानंतर असे दोन वेगळे रकाने केलेत, शेवटी शेरा, आईच्याच शब्दांत. ज्या दिवशी लिहिलं नाही तो दिवस कोरा. काल त्याने तिथे आदल्या दिवसाचाच आकडा ओढला होता, तोही काढला. २२ तारखेच्या ओळीवर चहा सांडलाय, आईलाही लागत नाहीये. तिथे प्रश्नचिन्ह टाकलंय, आणि ते पान उद्या डॉक्टरांना तसंच दाखवणार आहे.