मामी, ती १२० मायक्रॉनची पिशवी परत कर

«नवा नियम! १२० मायक्रॉनच्या वरची प्लास्टिक पिशवी आता कायदेशीर. दंड भरू नका, नियम दाखवा. बंदी फक्त स्ट्रॉ, कप, प्लेटवर आहे. छोट्या दुकानांना सूट!»

हे काल मामीनं पाठवलं. ठाण्याच्या नौपाड्यात तिचं फरसाणाचं छोटं दुकान. यावर विसंबून तिनं जांभळी नाक्यावरून दोन किलो पिशव्या आणल्यासुद्धा. म्हणून एवढं लिहितोय, नाहीतर असले मेसेज मी उघडतही नाही.

१२० चा आकडा खरा आहे, हे मान्य करावंच लागेल. केंद्राच्या ऑगस्ट २०२१ च्या दुरुस्तीनं पिशवीची किमान जाडी आधी ७५ मायक्रॉन केली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. पण मामीचं दुकान महाराष्ट्रात आहे. इथे २३ मार्च २०१८ ची राज्याची अधिसूचना लागू आहे, आणि तिच्यात सामान न्यायच्या प्लास्टिक पिशवीवर सरसकट बंदी आहे, धरायला हँडल असो वा नसो, जाडी कितीही असो. पालिकेच्या पथकाला केंद्राचा नियम दाखवून दंड टळणार नाही. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००.

आणि गंमत अशी की मामीची पिशवी १२० चीही नाही. छापलंय १२०, पण हिशोब करा. ३० बाय ४० सेंटिमीटरची पिशवी, दोन पापुद्रे, म्हणजे २,४०० चौरस सेंटिमीटर प्लास्टिक. १२० मायक्रॉन जाडी असेल तर एकेक पिशवी साधारण २६ ग्रॅमची भरते, किलोत जेमतेम ३८. मामीच्या किलोत शंभरावर आहेत! किलोला १५० रुपये धरले तर खरी पिशवी चार रुपयांना पडेल. पावशेर शेवेबरोबर ती फुकट कोण देईल? काही जण तर दोन्ही पापुद्रे एकत्र धरून जाडी मोजतात, मग ६० ची पिशवी १२० ची दिसते.

जाडीचा नियम इथेच फसतो. मायक्रॉन डोळ्यांना दिसत नाही, मापायचं यंत्र टपरीवर नसतं, आणि पिशव्या बिलाशिवाय किलोवर विकल्या जातात. दंड झाला तरी तो गल्ल्यावर बसलेल्याला. माल पुरवणारा कागदावर कुठेच नसतो. पथक गेलं की गठ्ठा पुन्हा काउंटरखालून वर येतो, कारण पिशवी नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं.

स्ट्रॉ-कपांची यादी खरी आहे, १ जुलै २०२२ पासूनची, पण ती पिशवीच्या बंदीवर आणखी आलेली आहे, तिच्या जागी नाही. छोट्या दुकानांना सूट हे मात्र निव्वळ कुणाच्या तरी डोक्यातलं. कारखान्यातून सीलबंद आलेलं पाकीट 'पिशवी'च्या व्याख्येत येत नाही, बहुधा त्यावरून कुणीतरी हे रचलं असावं. मामी शेव सुटी तोलून देते, तिला त्याचा काय उपयोग?

तिला म्हटलं, मामी, परत कर. म्हणाली, "अरे, बिलच नाही, परत कुणाला करू?"