डेमो दिला

काल सर्व्हिसवाल्याने दिलेल्या कागदावर माझ्या नावापुढे लिहिलंय, ‘कस्टमरला डेमो दिला’. त्याखाली ५९० रुपये, जीएसटीसकट. मशीनमध्ये बिघाड निघाला असता तर वॉरंटीत फुकट. बिघाड नाही, म्हणजे दोष माझ्यात, आणि माणसाला वॉरंटी नसते.

तक्रार साधी होती. एअर फ्रायरमधून जळका वास येतो आणि तो मध्येच बंद पडतो. कोथिंबीर वडी १८० अंशांवर लावावी, पाच-सात मिनिटांत घरघर थांबते, दिवा जातो. ड्रॉवर जरा ढकलला की पुन्हा घरघर. थोड्या वेळाने पुन्हा सामसूम. वडीची एक बाजू कुरकुरीत, दुसरी बाजू अजून उकडलेल्या अवस्थेत.

सर्व्हिसचा मुलगा आला, ड्रॉवर बाहेर ओढला, मांडीने एक धक्का देऊन आत बसवला, रिकामं मशीन तीनेक मिनिटं चालवलं आणि म्हणाला, “ड्रॉवर नीट लावत जा, मॅडम.” मी रोज दोन मुलांचे डबे भरते, कुकरची शिट्टी बसवते, गॅसचा सिलिंडर बदलते. मला ड्रॉवर लावता येत नाही म्हणे.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका आले. काका वीज मंडळातून निवृत्त. खिशाला पेन असावं तसा टेस्टर. इमारतीत कुणाचा मिक्सर घरघरला तरी ते चपला घालतात.

“अर्थिंग,” काका दारातूनच म्हणाले.

“अहो काका, अजून काय झालंय ते तरी—”

“काहीही झालेलं असो. अर्थिंगच असतं.” मग मुलाकडे वळून, “किती वॅटचा?”

“पंधराशे.”

“म्हणजे झाले साडेसहा अँपिअर. आणि लोक लावतात सहाच्या सॉकेटला, त्यात ती तीन तोंडांची पिन! सॉकेट वितळतं, आणि नाव मशीनचं.” त्यांनी ओट्यामागे वाकून पाहिलं. आमचं सॉकेट सोळाचं निघालं. काकांचा चेहरा इतका पडला की मला त्यांची कीव आली. त्यांनी प्लगला तळहात लावला. थंड. टेस्टर लावला. अर्थिंगही व्यवस्थित. हा दुसरा धक्का.

मग ते फ्रायरपुढे उभे राहिले, डोळे मिटले आणि हुंगू लागले. सर्व्हिसवाला कागद भरायचं सोडून बघत राहिला. काका डावीकडून हुंगले, उजवीकडून हुंगले, मागच्या जाळीला नाक लावून हुंगले. वरून हुंगताना चष्मा घसरून मशीनवर पडला, तो न उचलता हुंगले.

“वायर नाही,” ते शेवटी म्हणाले. “वायरचं प्लास्टिक जळलं की वास घशात बसतो, खोकला येतो. तसं असेल तर बटण बंद, प्लग बाहेर, पुन्हा हात लावायचा नाही. हा वास पोटात जातोय. मला भूक लागली.” पुन्हा एक दीर्घ श्वास. “तीळ! जळलेले तीळ. आणि बेसन.”

“खाण्याचा वास कंपनीच्या कक्षेत येत नाही,” सर्व्हिसवाला म्हणाला. “मॅडम, ओटीपी द्या, कॉल क्लोज करायचाय.”

ओटीपी दिला नाही तर तक्रार उघडी राहते आणि त्याचे पैसे अडकतात, असं त्याने इतक्या दीनपणे सांगितलं की मी आकडे वाचून दाखवले. तो जिना उतरला असेल-नसेल, मी उरलेल्या वड्या लावल्या. घरघर. वास. सामसूम.

काका अर्थातच अजून तिथेच होते, चहा यायचा होता.

“टॉर्च आण,” ते म्हणाले.

प्लग काढला, मशीन गार होऊ दिलं, ड्रॉवर काढून आत उजेड टाकला. बास्केट तर मी रोज घासते, आरशासारखी असते. पण ड्रॉवर जिथे शिरतो त्या पोकळीत मागच्या भिंतीपाशी एक काळपट, चिकट थर होता: तीळ, बेसनाचा चुरा, तेल, सगळं थापून घट्ट झालेलं. ड्रॉवर ओढताना काठावरून चुरा आत सांडतो. पुढच्या वेळी ड्रॉवर तो मागे रेटतो आणि भिंतीवर चेपतो. असा थर वाढत जातो आणि ड्रॉवर गव्हाच्या दाण्याएवढा बाहेर राहतो. डोळ्याला दिसत नाही, पण आतल्या बारक्या स्विचला कळतं. ड्रॉवर पूर्ण बसल्यावरच तो स्विच दाबला जातो. तो सुटला की कॉइल आणि पंखा दोन्ही बंद. आमचा जेमतेम दाबला जायचा. पंख्याच्या थरथरीने ड्रॉवर केसभर सरकला की सुटायचा. मांडीच्या धक्क्याने थर तात्पुरता चेपला, एवढाच त्या ५९० रुपयांचा पराक्रम.

वासाचा उगम वर होता. टॉवेल अंथरून मशीन उलटं केलं, तेव्हा जाळीमागे कॉइल दिसली आणि तिच्यामागे पंखा. पंखा हवा मधून वर ओढतो आणि कडांनी खाली फेकतो. वडीवर वरून भुरभुरलेले सुटे तीळ त्या हवेबरोबर थेट कॉइलला जाऊन चिकटतात आणि तिथे दर वेळी नव्याने जळतात. जुन्या दातघासणीने हलकेच घासलं, तर टॉवेलवर काळा भुगा पडला. त्यात एक तुकडा बटर पेपरचा निघाला. तो रिकाम्या बास्केटमध्ये ठेवून मशीन आधी तापवायला लावणारी व्यक्ती माझ्या सासूबाई आहेत, पण ते विचारू नका. मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून घेतलं. पाणी ओतायचं नाही, फवारायचं तर मुळीच नाही. वर पंख्याची मोटर बसलेली असते. पूर्ण कोरडं झाल्यावरच प्लग लावला. सगळी वेळ पुरी होईपर्यंत मशीन थांबलं नाही.

मला खरा राग कशाचा येतो सांगू? पडद्यावर चिप्सचं चित्र आहे, कोंबडीचं आहे, केकचं आहे. ‘ड्रॉवर बसला नाही’ असं सांगणारं एकही चित्र नाही. नुसतं मुकाट मरायचं आणि बाईने धक्के मारत बसायचं. पुस्तिकेत बास्केट कशी धुवायची त्यावर पानभर मजकूर, आणि कॉइलबद्दल ‘आवश्यकतेनुसार स्वच्छ करावी’ एवढी एकच ओळ. आवश्यकता कळणार कशी, तर मशीन डोक्यावर उभं केल्यावर.

मी हेल्पलाइनला फोन करून हे सगळं सांगितलं, ५९० परत मागितले. पलीकडची मुलगी फार गोड होती. “मॅडम, साफसफाई हा वापराचा भाग आहे. परत माणूस पाठवू का? साफसफाईचा वेगळा डेमो असतो.”

“तीळ पिठातच मळत जा,” काका फोन चालू असतानाच मोठ्याने म्हणाले. “वरून कशाला भुरभुरतेस? उडणारच ते.” सल्ला योग्य होता, म्हणून जास्त लागला. त्यांनी ताटलीतल्या वड्या एकेक करून संपवल्या, रुमालाने बोटं पुसली आणि टेस्टर खिशात सरळ केला.

“छान झाल्यात,” ते म्हणाले. “तळल्या असत्यास तर अजून खाल्ल्या असत्या.”