ओठ कशाला बघता, बातमीचं पान तपासा

डिसेंबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींना एक्सवर जाहीर खुलासा करावा लागला. आपोआप ट्रेडिंग करून देणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये माझे पैसे नाहीत आणि मी त्याची शिफारसही केलेली नाही, असं त्यांनी सांगितलं. नामांकित वर्तमानपत्रांच्या साइटसारखी हुबेहूब पानं बनवून, त्यावर खोट्या मुलाखती टाकून हा धंदा चालतो, हेही त्यांनी लिहिलं होतं. पुढे निर्मला सीतारामन यांच्या तोंडी अशाच पैसे गुंतवायच्या योजना घातलेले व्हिडिओ फिरले आणि केंद्र सरकारच्या पीआयबीला ते खोटे असल्याचं सांगावं लागलं.

असे खोटे व्हिडिओ ओळखायला 'ओठ आणि आवाज जुळतात का बघा' हा सल्ला सगळीकडे फिरतोय. मला तो घातक वाटतो. व्हिडिओ बहुतेकदा खऱ्या मुलाखतीचा किंवा पत्रकार परिषदेचाच असतो, फक्त आवाज आणि ओठांची हालचाल बदललेली असते. मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर ते कळणं अवघड, आणि दिवसेंदिवस अजून अवघड होणार.

त्यापेक्षा अशा व्हिडिओच्या जाहिरातीवर बोट ठेवल्यावर उघडणारं ते बातमीचं पान नीट बघा. तिथे घाईत केलेलं काम असतं. वरच्या 'क्रीडा', 'मनोरंजन' वगैरेवर बोट ठेवा. बहुतेक वेळा काहीच उघडत नाही, नाहीतर प्रत्येक दुवा त्याच नाव-नंबरच्या फॉर्मवर नेतो. तारीख कायम आजची, उद्या उघडलं तर उद्याची. खालच्या 'मला पैसे मिळाले' वाल्या प्रतिक्रियांना उत्तर देता येत नाही, कारण त्या नुसत्या छापलेल्या असतात. मग पत्ता वाचा. https:// नंतर जी पहिली / ही तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधीचं, .com किंवा .in सारख्या शेवटासकटचं नाव हे साइटचं खरं नाव. त्याच्या डावीकडे कुठल्याही वर्तमानपत्राचं नाव घुसवता येतं. तरीही शंका राहिली, तर त्या वर्तमानपत्राची साइट स्वतः टाइप करून उघडा आणि ती बातमी शोधा.

फॉर्म भरला की फोन येतो. आधी वीसेक हजार भरायला लावतात. स्क्रीनवर नफा वाढताना दिसतो, पण तो नुसता आकडा असतो. विश्वास बसावा म्हणून थोडे पैसे परतही देतात. मोठी रक्कम काढायला गेलात की 'आधी टॅक्स भरा' सुरू होतं. खऱ्या ब्रोकरकडे पैसे काढण्यासाठी आधी पैसे भरावे लागत नाहीत. सल्ला देणाऱ्याची नोंदणी सेबीच्या साइटवर शोधता येते, ती पैसे भरण्याआधीच शोधा.

माझा खरा राग जाहिराती दाखवणाऱ्या कंपन्यांवर आहे. कंपनीच्या तपासणाऱ्याला साधं पान आणि आपल्याला फसवं पान दाखवण्याची युक्ती फसवणारे वापरतात, हे मान्य. पण जाहिरातीचे पैसे कंपनीने घेतलेत, तर जबाबदारीही तिचीच.

कुणी पैसे भरले असतील तर घरच्यांनी आधी बोलणी देत बसू नये. लगेच १९३० ला फोन करा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्याआधी कळवलं तर ते गोठवले जाण्याची शक्यता जास्त. आणि नंतर 'बुडालेले पैसे काढून देतो' म्हणत कुणी फी मागितली, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.