फ्रीज, मेणबत्ती आणि कोरी प्लेट: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: «मॅडम, सीएसएफ फ्रीजमध्ये ठेवू नका असं तुम्ही लिहिलंत. आम्हाला तर प्रत्येक सॅम्पल 2 ते 8 अंशांत ठेवायला शिकवलं. मेणबत्तीच्या बरणीचं प्रकरण तर पन्नास वर्षांपूर्वीचं आहे. आमची कंट्रोल स्ट्रेन मेणबत्तीशिवाय झकास उगवते. स्मिअरमध्ये जोड्या दिसतात आणि प्लेट कोरी राहते, म्हणजे चॉकलेट अगारच खराब येतोय, सरळ गोष्ट आहे. पुण्या-मुंबईच्या लॅबचे नियम किनवट-माहूरला सांगण्यात काय अर्थ?»

सर, 2 ते 8 अंशांचा नियम खोटा नाही, पण तो लघवीसारख्या सॅम्पलसाठी आहे. लघवीत बाहेरचे जंतू मिसळतात आणि उबेत भराभर वाढून संख्या फुगवतात, त्यांना आवरायला थंडी लागते. सीएसएफचं, म्हणजे पाठीतून काढलेल्या पाण्याचं, तसं नाही. तिथे आवरायला दुसरं कुणी नसतं. असलाच तर मेंदूज्वर करणारा मेनिन्गोकॉकससारखा जंतू असतो, आणि तोच थंडीत आधी मरतो. मेनिन्गोकॉकस आणि गोनोकॉकस हे दोघेही नायसेरिया गटातले, आणि नायसेरियाच्या पेशींत स्वतःची भिंत विरघळवणारे एन्झाइम असतात. पेशीचं अन्न संपलं, तापमान एकदम बदललं किंवा ती वाळली, की ही एन्झाइम मोकाट सुटतात आणि पेशी आतून फुटते. स्मिअरमध्ये जोड्या मात्र दिसतच राहतात, कारण मेलेला पण अजून न विरघळलेला जंतूही गुलाबी रंग घेतो. स्मिअर जंतू होता एवढंच सांगतो, तो जिवंत होता की नाही ते सांगत नाही. तुमच्या कोऱ्या प्लेटचं अर्धं उत्तर इथेच आहे.

एक अपवाद आहे. सीएसएफचा काही भाग पीसीआरसाठी पाठवायचा असेल तर तो भाग फ्रीजमध्ये ठेवायलाच हवा. पीसीआरला जिवंत पेशी लागत नाही, डीएनए लागतो. म्हणून एकच सॅम्पल दोन नळ्यांत वाटायचं, एक थंड आणि एक उबदार. नळ्यांवर «कल्चर – फ्रीज नको» आणि «पीसीआर – थंड» असं मोठ्या अक्षरात लिहिलं नाही तर शिपाई दोन्ही एकाच आइसबॉक्समध्ये टाकणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

उबदार म्हणजे 20 ते 35 अंश. इथे मराठवाड्याची गोम आहे. मे महिन्यात बाहेरच 42-43 अंश असतात आणि मोटरसायकलच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. ते तापमान फ्रीजइतकंच वाईट. आणि जानेवारीच्या पहाटे परभणीकडे पारा एक आकडी येतो, तेव्हा उघड्या पिशवीतली नळी फ्रीजमध्ये ठेवल्यासारखीच होते. उपाय दोन्ही ऋतूंत एकच: बर्फ न घातलेला थर्माकोलचा डबा, नळी कापसात गुंडाळलेली, आणि डबा माणसाजवळ, गाडीच्या टपावर किंवा डिकीत नाही.

आता कंट्रोल स्ट्रेन. तुमच्या प्रतिक्रियेतला हा सगळ्यात चांगला मुद्दा आहे, फक्त निष्कर्ष उलटा निघालाय. गोनोकॉकसला आणि कमी-अधिक प्रमाणात मेनिन्गोकॉकसलाही वाढ सुरू करताना कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि बंद बरणीतली मेणबत्ती जळून तोच देते. हा वायू श्वसनासाठी नाही, बांधकामासाठी लागतो: पेशी त्यातला कार्बन उचलून स्वतःचे घटक बनवते. शरीरात तो रक्तातल्या बायकार्बोनेटच्या रूपाने भरपूर मिळतो. साध्या हवेत मात्र जेमतेम 0.04 टक्के असतो. लूपभर ताजी कल्चर प्लेटवर ओढली की लाखो पेशी एकमेकींना खेटून बसतात आणि स्वतःच सोडलेल्या वायूवर गाडा चालू होतो. म्हणून तुमची स्ट्रेन मेणबत्तीशिवाय उगवते. पेशंटच्या सॅम्पलमधून, तेही तीन तासांच्या प्रवासानंतर, प्लेटवर कदाचित दहा-वीसच जिवंत पेशी पडतात. प्रत्येक एकटी. तिला बाहेरून 3 ते 7 टक्के वायू मिळाला तरच ती विभागायला लागते, नाहीतर वाट बघत विरघळून जाते. म्हणजे प्रवास जितका लांब, तितकी मेणबत्तीची गरज जास्त. पुण्याच्या लॅबला सॅम्पल अर्ध्या तासात मिळतं. मेणबत्ती खरी किनवटलाच हवी.

हे तपासून बघता येतं. गोनोकॉकसची कंट्रोल स्ट्रेन घ्या, मेनिन्गोकॉकस नको, कारण त्याचं दाट मिश्रण उघड्या टेबलावर हाताळणं धोक्याचं आहे. ब्रॉथमध्ये 0.5 मॅकफारलंडइतकं गढूळ करा, म्हणजे मिलिलिटरला साधारण 15 कोटी पेशी. ते दहापट असं सहा वेळा पातळ करा. शेवटच्या नळीत मिलिलिटरला सुमारे 150 पेशी उरतात. त्यातले 0.1 मिलि दोन प्लेटवर पसरा, एक बरणीत आणि एक बाहेर, दोन्ही त्याच इन्क्युबेटरमध्ये. हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत उरका, पेशी ताटकळल्या तर आकडा घसरतो. दोन दिवसांनी बरणीतल्या प्लेटवर दहा-पंधरा कॉलनी आणि बाहेरची कोरी किंवा जवळपास कोरी, असं दिसलं तर दोष वायूचा. दोन्ही कोऱ्या असतील तर तुमचं म्हणणं बरोबर, अगार खराब आहे. दोन्हींवर सारखंच उगवलं तर ती स्ट्रेन लॅबमध्ये फार वेळा उतरवून हवेला सरावलेली असेल, दुसरी मागवा.

बरणीचं म्हणाल तर ती बहुतेक ठिकाणी चुकीची लावलेली असते. साधी पांढरी मेणबत्ती हवी, रंगीत किंवा सुवासिक नको, त्या धुरात जंतूला मारक पदार्थ असतात. प्लेट उपड्या रचायच्या, तळाशी ओला कापूस ठेवायचा, कारण नायसेरियाला ओलावाही तितकाच लागतो. मेणबत्ती सगळ्यात वरच्या प्लेटवर एका काचेच्या तुकड्यावर उभी करायची आणि झाकणाच्या कडेला व्हॅसलीन लावून बंद करायचं. ज्योत थोड्याच वेळात आपोआप विझली पाहिजे. पाच-सात मिनिटं जळत राहिली तर झाकणातून हवा येतेय. विझते तेव्हा आत साधारण 3 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो आणि ऑक्सिजन पुष्कळ उरलेला असतो, तो लागतोच. म्हणून अॅनारोबिक जारचं पाकीट इथे चालत नाही. आणि सकाळी झाकण उघडून प्लेट बघितल्या की परत मेणबत्ती लावायची. पहिल्या दिवशी लावलेली तिसऱ्या दिवसापर्यंत पुरते असं समजणाऱ्या लॅब कमी नाहीत.

अगार खराब असू शकतो हे मी नाकारत नाही. 475 मिलि बेस, त्यात 25 मिलि फायब्रिन काढलेलं मेंढीचं रक्त, आणि मग 80 अंशांच्या वॉटर बाथमध्ये सुमारे 15 मिनिटं, हळूहळू फिरवत, म्हणजे बुडबुडे येत नाहीत. उष्णतेने पेशी फुटतात आणि आतलं हेमिन व एनएडी बाहेर येतं. अगारमध्ये जे स्निग्ध आम्लांचे अंश असतात ते गोनोकॉकसला विषासारखे, शिजलेलं रक्त त्यांना धरून ठेवतं. कमी तापवलं तर रंग लालसर राहतो, जास्त तापवलं तर गाठी पडतात. पण आपल्याकडचं खरं दुखणं रक्तपेढीचं मुदत संपलेलं रक्त वापरणं हे आहे. त्यात सायट्रेट असतं, दात्याच्या अँटिबॉडी असतात, कधी त्याने घेतलेल्या अँटिबायोटिकचा अंशही. मेंढ्या पाळणारे आपल्या भागात गावोगाव आहेत. पशुवैद्यकाकडून रक्त काढून घ्यायचं, काचेचे मणी टाकलेल्या फ्लास्कमध्ये गोठू न देता हलवायचं, एवढंच काम आहे. आणि प्लेट फ्रीजमधून काढून थेट वापरायची नाही, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची.

आता तुम्ही सांगता तशी एक केस मांडून बघू. सात वर्षांचा मुलगा, ताप, मान ताठ. गावातल्या डॉक्टरांनी सकाळी साडेसातला सेफ्ट्रायअॅक्झोनचं इंजेक्शन दिलं. तालुक्याला अकराला पाठीतलं पाणी काढलं, 2 मिलि, गढूळ. आइसबॉक्समधून साडेतीनला नांदेडला पोचलं. स्मिअरमध्ये पस सेल आणि त्यांच्या आत-बाहेर गुलाबी जोड्या, कडेला कडा लावून बसलेल्या. प्लेट 72 तास कोरी. इथे अगार, मेणबत्ती, आइसबॉक्स, काहीही दोषी धरू नका. शिरेतून सेफॅलोस्पोरिन गेल्यावर सीएसएफमधला मेनिन्गोकॉकस दोन तासांतही नाहीसा होऊ शकतो, आणि पाणी साडेतीन तासांनी काढलंय. ती प्लेट उत्तम लॅबमध्येही बहुधा कोरीच राहिली असती. इथे पीसीआरची नळीच उपयोगी. गावच्या डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवायला हवं होतं असंही नाही, तो मुलगा कल्चरसाठी वाट बघू शकत नव्हता. तेच इंजेक्शन सव्वाअकराला, पाणी काढल्यावर दिलं असतं आणि तरीही प्लेट कोरी असती, तर मात्र मी आधी आइसबॉक्सकडे आणि मग बरणीकडे बोट दाखवलं असतं.

स्मिअरचीही एकदा खात्री करा. अॅसिनेटोबॅक्टर जोडीने बसला की हुबेहूब असाच दिसतो, आणि अल्कोहोल जास्त वेळ राहिलं तर न्यूमोकॉकसही गुलाबी होतो. फक्त न्यूमोकॉकसची जोडी टोकांकडे निमुळती असते, नायसेरियाची आतल्या बाजूने चपटी. उगवलं असेल तर ऑक्सिडेजने अॅसिनेटोबॅक्टर लगेच वेगळा पडतो, नायसेरिया दहा सेकंदांत जांभळा होतो. कॉलनी उचलायला निक्रोमची तार नको, तिच्याने खोटा जांभळा येतो. लाकडी काडी घ्या.

तालुक्याला करण्यासारखं एकच काम आहे, आणि ते नांदेडपेक्षा तुमच्याकडेच चांगलं होतं. सीएसएफ प्रवासाला पाठवण्याऐवजी प्लेट पाठवा. पाणी काढल्यावर तासाच्या आत, खोलीच्या तापमानाला आलेल्या चॉकलेट अगारवर दोन-तीन थेंब टाकून लूपने ओढा. बरणी, मेणबत्ती, 35-36 अंशांवर रात्रभर इन्क्युबेटर, आणि सकाळी त्याच बरणीत पुन्हा मेणबत्ती लावून, बर्फाशिवाय गाडीत. रात्रभरात एका पेशीच्या हजारो झालेल्या असतात, त्या प्रवास झेलतात. जिल्ह्याकडून ट्रान्स-आयसोलेट मीडियाची, म्हणजे प्रवासात जंतू जिवंत ठेवणारी, बाटली मिळत असेल तर त्याहून सोपं: बाटली फ्रीजमधून काढून उबेला येऊ द्या, 0.5 ते 1 मिलि सीएसएफ सिरिंजने आत सोडा, रबरात कापूस लावलेली निर्जंतुक सुई खोचून रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवा, आणि पाठवताना सुई काढून घ्या. उरलेलं सीएसएफ पीसीआरसाठी थंड.

सोबतच्या फॉर्मवर तीन गोष्टींची वेळ लिहा: अँटिबायोटिकचा पहिला डोस कधी, पाणी कधी काढलं, प्लेटवर कधी ओढलं.